वासरू, करडू आणि थोरला भाऊ

‘उधळ्या पुत्राचा दृष्टांत’ हे नाव चर्चची पायरी कधी न चढलेल्यांच्याही कानावरून गेलेलं असतं. बायबलात येशूची जी चार चरित्रं आहेत, त्यांतल्या लूककृत शुभवर्तमानात ही गोष्ट आहे, पण हे नाव तिथे कुठेही नाही, कारण शीर्षकं नंतरच्या लोकांनी घातली. मूळ गोष्ट सुरू होते ती ‘एका माणसाला दोन मुलगे होते’ अशा अर्थाच्या साध्या वाक्याने. पंधराव्या अध्यायातल्या ११ ते ३२ या बावीस ओव्यांपैकी (ख्रिस्ती मराठीत ‘वचनं’ म्हणतात) पहिली चौदा धाकट्याची आहेत आणि शेवटची आठ थोरल्याची. पुष्कळ प्रवचनं चोविसाव्या वचनापाशी, मेजवानी सुरू झाली की थांबतात. तिथे थांबलं तर गोष्ट गोड होते. पुढची आठ वचनं वाचली की ती घरातली होते, आणि ज्याने आयुष्यभर घर सांभाळलं त्याची बाजू पहिल्यांदा ऐकू येते.

ही गोष्ट मत्तय, मार्क, योहान या तिघांकडेही नाही, फक्त लूककडे आहे. त्याने ती सांगितली आहे एका कुरबुरीच्या उत्तरात. जकातदार आणि ‘पापी’ म्हणून ओळखले जाणारे लोक येशूभोवती जमतात, ते पाहून परूशी या कर्मठ पंथाचे लोक आणि शास्त्री कुरकुरतात की हा असल्यांना जवळ करतो आणि त्यांच्या पंगतीला बसतो. तक्रार पंगतीची आहे, हे ध्यानात ठेवायला हवं. जकातदार म्हणजे नुसते सरकारी नोकर नव्हते; परक्या सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारी, बरेचदा जादा पैसे उकळणारी माणसं होती ती. त्यांच्या शेजारी बसून जेवायला नकार देणं हा काही दांभिकपणा नव्हे. त्या काळच्या सभ्य माणसाला तसंच वाटलं असतं.

उत्तरादाखल येशू एकामागून एक तीन गोष्टी सांगतो. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, दहा नाण्यांतलं एक हरवतं, आणि मग दोन मुलांतला एक. पहिल्या दोन गोष्टींत हरवलेलं शोधायला कुणीतरी उठतं. मेंढपाळ रानात जातो. बाई दिवा लावते, घर झाडते, कानाकोपरा धुंडाळते. सापडल्यावर दोघंही शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावतात. तिसऱ्या गोष्टीत धाकट्याला शोधायला कुणीही जात नाही, तो आपल्या पायांनी परत येतो. बाप घराबाहेर पडून ज्याची मनधरणी करतो तो मुलगा दुसराच आहे. ती वेळ शेवटी येते.

त्याआधी वाटणी नीट समजून घ्यावी लागेल, कारण थोरल्याची सगळी तक्रार तिच्यावर उभी आहे. इथे मराठी वाचकाची एक अडचण होते. आपल्याकडे विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेपासून मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवर जन्मतःच हक्क मानला गेला. बाप हयात असताना मुलांनी वाटणी मागणं कुणाला आवडत नसेल, पण ऐकून कुणी थक्क होत नाही. शिवाय सगळ्या भावांना सारखा वाटा हे आपण धरूनच चालतो. थोरल्याचा जादा हिस्सा जुन्या धर्मशास्त्रात होता, पण व्यवहारातून तो केव्हाच गेला. या दोन्ही गोष्टी डोक्यात ठेवून लूक वाचला तर धाकट्याची मागणी फार सौम्य वाटते आणि थोरला उगाच रडका वाटतो.

यहुदी नियमशास्त्रात चित्र वेगळं होतं. बायबलच्या जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात ज्येष्ठ पुत्राला दुप्पट वाटा सांगितला आहे. दोन मुलगे असतील तर मिळकतीचे तीन भाग पडायचे, त्यांतले दोन थोरल्याचे आणि एक धाकट्याचा. समजा तीस एकर जमीन आहे, तर वीस एकर थोरल्याला आणि दहा धाकट्याला. पण ही वाटणी बापाच्या मागे व्हायची. हयातीत वाटून टाकण्याला कायद्याची बंदी नव्हती, शहाणे मात्र तसं करू नका म्हणत. येशूच्या सुमारे दोनशे वर्षं आधी होऊन गेलेल्या बेन सिराखने बजावून ठेवलं आहे: जिवंत आहेस तोवर मुलगा, बायको, भाऊ, मित्र यांपैकी कुणाच्याही हाती स्वतःला देऊ नको, तू मुलांच्या हाताकडे बघत बसण्यापेक्षा मुलांनी तुझ्याकडे मागावं हे बरं, वाटायचं ते मरणाच्या वेळी वाट. गोष्टीतला बाप नेमकं उलट करतो. धाकटा एका वाक्यात मागतो आणि बाप एका वाक्यात देऊन टाकतो. ना वाद, ना उपदेश.

त्याच वाक्यातला एक तपशील घाईत निसटतो. धाकट्याने आपल्यापुरतं मागितलं होतं, पण बापाने मिळकत ‘त्यांच्यात’, म्हणजे दोघांत वाटून दिली. थोरल्याच्या नावावरही त्याचा दोन तृतीयांश वाटा त्याच दिवशी झाला. तो तेव्हा काय म्हणाला, त्याने भावाला अडवलं का, बापाला सावध केलं का, गोष्ट काहीच सांगत नाही.

नावावर झालं म्हणजे हाती आलं असं मात्र नाही. इथे मिश्ना या यहुदी कायद्याच्या संग्रहाची मदत होते. तो इसवी सन २०० च्या सुमाराचा, म्हणजे लूकच्या नंतरचा आहे, तेव्हा त्यातला प्रत्येक नियम येशूच्या काळाला जसाच्या तसा लावता येणार नाही. तरी हयातीत मिळकत लिहून दिली की कोणता पेच पडतो, हे त्यात फार स्वच्छ मांडलं आहे. मरणोत्तर म्हणून मुलाला लिहून दिलेली मिळकत बाप विकू शकत नाही, कारण ती मुलाच्या नावे झाली. मुलगाही विकू शकत नाही, कारण ताबा बापाकडे आहे. मुलाने विकलीच तर घेणाऱ्याला बाप मरेपर्यंत काही मिळत नाही. आणि लगेच पुढे एक वाक्य येतं: त्या जमिनीतलं पीक बाप तोडू शकतो आणि वाटेल त्याला खाऊ घालू शकतो.

हे वाक्य डोक्यात ठेवून लूककडे परत या. धाकट्याने सवलतीच्या वर सवलत घेतली. वाटा नावावर करून घेतला, आणि थोड्याच दिवसांत सगळं गोळा करून, म्हणजे बहुधा विकून रोकड करून, दूर देशी निघून गेला. थोरला नेहमीच्या व्यवस्थेत राहिला. वीस एकर त्याचे, पण हयातीपर्यंत वहिवाट बापाची. काय पेरायचं, कुणाला कामाला लावायचं, कुठलं जनावर कापायचं, कुणाला जेवू घालायचं, हे सगळं बाप ठरवणार. उरलेल्या सगळ्या घराचा तो मालक झाला होता, आणि स्वतःच्या मर्जीने एक करडू कापण्याची मुभा त्याला नव्हती.

धाकट्याची कहाणी सगळ्यांना माहीत आहे, ती लांबवत नाही. पैसा उधळला जातो, दुष्काळ पडतो, तो एका परक्या माणसाची डुकरं राखायला लागतो. डुक्कर यहुद्यांना अशुद्ध, म्हणून खाली जायची पायरी तिथे संपते. डुकरांच्या शेंगांनी पोट भरावं असं त्याला वाटतं, पण त्याही कुणी देत नाही. या शेंगा बहुधा कॅरोबच्या. भूमध्य समुद्राच्या आसपास त्या जनावरांना घालतात. मग तो भानावर येतो. हे भान पहिल्याने पोटाचं आहे, हे स्वच्छ मान्य करावं. त्याच्या मनात पहिला विचार येतो तो बापाकडच्या मजुरांना भाकर मिळते आणि मी भुकेने मरतो, असा. पश्चात्ताप त्यामागून येतो, आणि तोही घोकून ठेवलेल्या भाषणात. त्या भाषणाचे तीन तुकडे आहेत: बापा, मी स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्याविरुद्ध पाप केलं आहे, तुमचा मुलगा म्हणवून घ्यायची माझी लायकी राहिली नाही, मला तुमच्या एखाद्या मजुरासारखं ठेवा.

तिसरा तुकडा महत्त्वाचा आहे, कारण ती एक योजना आहे. हा मजूर घरचा गुलाम नव्हे. रोजावर येणारा, संध्याकाळी मजुरी घेऊन आपल्या घरी जाणारा माणूस आहे. धाकटा नातं परत मागत नाही, नोकरी मागतो. प्रत्यक्षात मात्र बाप त्याला लांबून पाहतो, धावत जाऊन गळ्यात पडतो, मुके घेतो. मुलगा भाषण सुरू करतो, पहिले दोन तुकडे म्हणतो, आणि तिसऱ्याची वेळ येत नाही. बाप चाकरांकडे वळून हुकूम सोडू लागलेला असतो: उत्तम झगा आणा, हातात अंगठी घाला, पायांत जोडा घाला, पुष्ट वासरू कापा. सिनाईटिकस आणि व्हॅटिकानुस या चौथ्या शतकातल्या हस्तलिखितांसह काही प्रतींत इथेही ‘मला मजूर ठेवा’ हा तिसरा तुकडा आढळतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते नकलाकारांनी आधीचं भाषण पाहून तो भरून काढला. त्यांना भाषण अर्धवट राहिल्याचं खुपलं असावं. गोष्टीची खुबी त्या अर्धवटपणातच आहे. मजुरीचा प्रस्ताव बापाने फेटाळला नाही, त्याने तो ऐकूनच घेतला नाही.

आता शेताकडे. थोरला दिवसभर कामावर होता. घराजवळ येतो तेव्हा वाद्यं आणि नाच ऐकू येतो, आणि काय चाललं आहे हे त्याला एका पोऱ्याला विचारावं लागतं. या वाक्यावर थांबायला हवं. वासरू पकडून कापायचं, सोलायचं, भाजायचं, लोकांना बोलवायचं, वाजंत्री जमवायची, याला काही तास लागतात. एवढ्या वेळात घरातल्या चाकरांपैकी एकालाही शेतावर पाठवून ‘तुझा भाऊ आला, चल’ असं थोरल्याला कळवलं गेलं नाही. शंभर मेंढरं असलेला माणूस मोजतो म्हणून त्याला एक कमी असल्याचं कळतं. दहा नाणी असलेली बाई मोजते. ज्याला दोनच मुलगे आहेत तो बाप मेजवानीच्या वेळी मोजायला विसरतो. हा मुद्दा काही यहुदी अभ्यासकांनी विशेष जोरकसपणे मांडला आहे, आणि मला तो पटतो. थोरला रागाने बाहेर राहिला असं आपण म्हणतो. आधी तो बाहेर राहून गेला होता.

बाप बाहेर येतो आणि त्याची मनधरणी करत राहतो. इथे थोरल्याचं बोलणं येतं. धाकट्याचं भाषण बापाने मध्येच तोडलं, याचं मात्र शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याची वाक्यं एकेक घेऊन तपासू.

इतकी वर्षं मी तुमची गुलामी करतोय, हे पहिलं. धाकटा ‘बापा’ म्हणून सुरुवात करतो. थोरला संबोधनच गाळतो. धाकट्याला मजूर व्हायचं होतं, थोरला स्वतःला त्याहून खालचा समजत आला आहे. एकाच बापाच्या दोन मुलांना आपलं घरातलं स्थान कामाच्या भाषेत सांगावंसं वाटतं, ही या घरातली जुनी गडबड आहे, आणि धाकट्याच्या जाण्याने ती सुरू झालेली नसावी.

तुमची एकही आज्ञा मोडली नाही, हे दुसरं. बाप ते नाकारत नाही, निवेदकही नाकारत नाही. तेव्हा खरं धरूनच पुढे जायला हवं. प्रवचनांत इथे ‘पण त्याचं मन साफ नव्हतं’ अशी भर घातली जाते; ती प्रवचनकाराची आहे, लूकची नाही.

मित्रांबरोबर मजा करायला मला कधी एक करडूही दिलं नाही, हे तिसरं, आणि सगळ्यांत नेमकं. करडाचं मांस म्हणजे चार-सहा किलो, दहाबारा माणसांचं जेवण. पुष्ट वासरू हे मोठ्या प्रसंगासाठी मुद्दाम चारा घालून राखलेलं जनावर. एकदा कापलं की ते मांस त्या हवेत ठेवता येत नाही, म्हणून सगळ्या गावालाच बोलवावं लागतं. थोरला वासरू मागतच नाही. त्याने मोजमाप आधीच लहान केलं आहे, आणि तेही मिळालं नाही म्हणतो. त्याने कधी मागितलं होतं का, असा प्रश्न वाचकाला पडतो आणि पडायलाही हवा, पण तो त्याच्या विरुद्ध फारसा जात नाही. मघाचा मिश्नामधला नियम आठवा: बाप पीक तोडू शकतो आणि वाटेल त्याला खाऊ घालू शकतो. वासरू म्हणजे पीक नव्हे, तरी तत्त्व तेच. कापण्याचा अधिकार बापाचा होता याबद्दल थोरल्याचा वाद नाही. त्याचं म्हणणं असं आहे की वाटेल त्याला खाऊ घालायचा हक्क तुम्हाला होता, आणि इतक्या वर्षांत तुम्हाला मी वाटलो नाही. कायद्यात हरलेल्या माणसाची ही तक्रार नव्हे. कायद्याने जे देता येत नाही त्याबद्दलची ती आहे.

चौथं वाक्य मात्र घसरतं. हा तुमचा मुलगा, ज्याने तुमची मिळकत वेश्यांवर उडवली, तो आला तर त्याच्यासाठी पुष्ट वासरू. ‘तुमचा मुलगा’ म्हणून त्याने भाऊपण बापाच्या अंगावर ढकललं. आणि वेश्या आल्या कुठून? निवेदकाने धाकट्याच्या वागण्याबद्दल एवढंच सांगितलं होतं की तो बेबंद वागला आणि पैसा उधळला. दूर देशात काय झालं ते थोरल्याला दिसलं नव्हतं, आणि पोऱ्यानेही त्यातलं काही सांगितलं नव्हतं. हा आरोप त्याने स्वतः रचला, पण हवेतून नाही. नीतिसूत्रांच्या एकोणतिसाव्या अध्यायात एक जोडवचन आहे: ज्ञानावर प्रीती करणारा आपल्या बापाला आनंद देतो, वेश्यांची संगत करणारा संपत्ती उडवतो. येशूसमोर बसलेल्या शास्त्र्यांना ते माहीत असणारच. थोरला दुसरं अर्ध म्हणून दाखवतो, म्हणजे पहिलं अर्ध न बोलता समोर येतं. ग्रंथात लिहिलं आहे की शहाणा मुलगा बापाला आनंद देतो. इथे बापाला आनंद झालेला आहे, नाच चाललेला आहे, आणि तो दुसऱ्यामुळे.

याहून गंभीर एक छटा आहे. अनुवादाच्या ज्या एकविसाव्या अध्यायात ज्येष्ठाचा दुप्पट वाटा आहे, त्याच्या लगेच पुढचा नियम हट्टी, बंडखोर मुलाचा आहे: आईबापांनी त्याला नगरच्या वडीलधाऱ्यांपुढे न्यावं, हा उधळ्या आणि मद्यपी आहे असं सांगावं, आणि गावाने त्याला दगडमार करावा. हे प्रत्यक्षात किती वेळा घडलं असेल याचा विचार वेगळा. नंतरच्या रब्बींनी त्या नियमाला इतक्या अटी घातल्या की तो लावणं जवळपास अशक्य झालं. पण ऐकणाऱ्याच्या कानात दोन्ही नियम शेजारी शेजारी आहेत. थोरला एका नियमाचा लाभार्थी आहे आणि दुसऱ्या नियमाची भाषा बोलू पाहतो आहे. त्या नियमात आरोप करण्याचं काम आईबापांचं असतं. भावाचं नसतं.

बापाचं उत्तर दोन वाक्यांत संपतं. त्याची सुरुवात ‘बाळा’ अशा मायेच्या हाकेने होते. संबोधन गाळणाऱ्याला संबोधन मिळतं. मग तो म्हणतो, तू नेहमी माझ्याबरोबर आहेस, आणि माझं जे काही आहे ते सगळं तुझंच आहे. हे अनेकांना नुसतं समजूत काढणं वाटतं. वाटणीचा हिशोब केला असेल तर कळतं की हे वाक्य कायद्याने अक्षरशः खरं आहे. धाकट्याचे दहा एकर गेले. उरले ते वीस एकर, आणि ते थोरल्याचे. बाप तिथे जाहीर करतो की नवी वाटणी होणार नाही. परत आलेल्याला झगा, अंगठी, जोडा मिळाला, जमीन मिळालेली नाही. करडाच्या तक्रारीला मात्र तो उत्तर देत नाही. ‘अरे, तू मागितलं असतंस तर’ असं म्हणत नाही, ‘चुकलं माझं’ असंही म्हणत नाही, आणि शेतावर निरोप का पाठवला नाही याबद्दल अवाक्षर काढत नाही. ही बापाच्या बाजूची उणीव आहे, आणि बाप म्हणजे देव असं एका झटक्यात ठरवून टाकलं की ती दिसायची बंद होते.

दुसरं वाक्य: आनंद करायलाच हवा होता, कारण हा तुझा भाऊ मेला होता, तो जिवंत झाला; हरवला होता, तो सापडला. थोरल्याने ‘तुमचा मुलगा’ म्हणून ढकललेला माणूस बापाने ‘तुझा भाऊ’ म्हणून परत त्याच्यापुढे ठेवला. वेश्यांबद्दल तो वादच घालत नाही.

शास्त्र्यांना इथे अजून एक जोडी आठवली असणार. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोब हा धाकटा भाऊ थोरल्या एसावाची चांगली वस्त्रं अंगावर चढवून, दोन करडांचं रुचकर जेवण आंधळ्या बापापुढे ठेवून, थोरल्याचा आशीर्वाद लुबाडतो आणि परदेशी पळतो. एसाव त्या वेळी रानात असतो आणि परत येतो तेव्हा सगळं उरकलेलं असतं. उत्तम वस्त्र, करडू, दूर देश, बाहेरून उशिरा येणारा थोरला: लूकमधलं सामान इथे आधीच मांडून ठेवलेलं आहे. वीस वर्षांनी याकोब घाबरत घाबरत परततो, तेव्हा काय होतं? एसाव धावत त्याला भेटायला येतो, मिठी मारतो, त्याच्या गळ्यात पडून त्याचे मुके घेतो. लूकमध्ये बाप जे करतो ते जवळपास त्याच हालचालींत लिहिलं आहे. म्हणजे जुन्या गोष्टीत धावत जाण्याचं काम लुबाडल्या गेलेल्या थोरल्या भावाने केलं होतं. येशूच्या गोष्टीत ते बापाने केलं आहे, आणि थोरल्याची जागा अजून रिकामी आहे. त्याला कुणी दुष्ट ठरवलेलं नाही. त्याच्यासमोर एसावाचं उदाहरण आहे, एवढंच.

हे न पाहिल्यामुळे वाचन कसं बिघडतं याचा मोठा नमुना पाचव्या शतकातल्या ऑगस्टिन या ख्रिस्ती धर्मपंडिताच्या परंपरेत सापडतो. थोरला म्हणजे इस्राएल आणि धाकटा म्हणजे परराष्ट्रीयांतून आलेले ख्रिस्ती, हे समीकरण त्याच्याकडे आहे, आणि पुढे शतकानुशतकं ते वापरलं गेलं. त्यातून थोरला म्हणजे बाहेर राहिलेला, नाकारलेला, असा अर्थ घट्ट झाला. गोष्ट याच्या उलट बोलते. उत्पत्तीत काइन, इश्माएल, एसाव असे थोरले मागे पडत गेले. इथल्या थोरल्याला मात्र ‘सगळं तुझंच’ असं ऐकवलं जातं. रेम्ब्रांटचं प्रसिद्ध चित्र, सध्या सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात असलेलं, वेगळी मोकळीक घेतं. त्यात उजवीकडे हातावर हात ठेवून ताठ उभ्या असलेल्या माणसाला बहुतेक जण थोरला भाऊ मानतात. चित्र भव्य आहे, पण लूकच्या गोष्टीत भेटीच्या वेळी थोरला तिथे नव्हताच. तो समोर असता तर तक्रारीचा निम्मा आधार गेला असता.

आपल्या भूमीतली एक समांतर गोष्ट इथे ठेवून पाहण्यासारखी आहे. सद्धर्मपुंडरीक या बौद्ध सूत्राच्या चौथ्या अध्यायात एक मुलगा बापाला सोडून जातो, अनेक दशकं भटकतो, दरिद्री होऊन नकळत श्रीमंत बापाच्याच दारी येतो. बाप त्याला ओळखतो, पण मुलगा घाबरून पळतो. मग बाप त्याला दुप्पट मजुरीवर उकिरडा उपसायच्या कामाला लावतो, वीस वर्षं हळूहळू जवळ आणतो, आणि मरणाच्या सुमारास सर्वांसमक्ष त्याला आपला मुलगा म्हणून जाहीर करतो. लूकमधल्या धाकट्याने जी मजुरी मागितली आणि मिळाली नाही, तीच इथे उपाय म्हणून कामी येते. आणि या गोष्टीत दुसरा भाऊ नाही. त्यामुळे मिळकत कुणाची, हा प्रश्न कुणाच्याही जेवणाच्या आड येत नाही.

लूकमध्ये तो येतो, आणि मेजवानी संपल्यावरही राहणार आहे. बाप म्हातारा आहे, आज ना उद्या जाईल. तो जिवंत आहे तोवर वहिवाट त्याची, कुणाला जेवू घालायचं हे त्याच्या मर्जीवर. ज्या दिवशी तो मरेल त्या दिवशी वीस एकर, घर, गुरं, शेतावरचे मजूर, सगळं थोरल्याच्या पूर्ण ताब्यात येईल, आणि धाकट्याच्या नावावर काहीच नसेल. झगा आणि अंगठी बाप देऊ शकला, पण आपल्यामागे त्याला घरात ठेवून घ्यायचा अधिकार त्याच्याकडे उरणार नव्हता. तो अधिकार दारात उभं राहून आत यायला नकार देणाऱ्या माणसाकडे जाणार होता. म्हणून बापाला घरातली पाहुणेमंडळी सोडून अंगणात यावं लागलं, आणि म्हणूनच त्याच्या शेवटच्या वाक्यात मिळकतीनंतर भाऊ येतो. थोरला त्यावर काय म्हणाला ते लूकने लिहिलेलं नाही.